एक बैठक, दोन वह्या

समजा, पुण्यातल्या एका बांधकाम कंपनीच्या लेखापाल बाई मंगळवारी दुपारी तीनच्या ठोक्याला लॅपटॉप घेऊन कॉन्फरन्स रूममध्ये जाऊन बसल्या आहेत. खोलीत चिटपाखरू नाही. दहा मिनिटांनी शिपाई डोकावतो आणि म्हणतो, “मॅडम, मीटिंग गुरुवारवर गेली ना?” बाई कॅलेंडर उघडतात. मंगळवारी तीन वाजता ‘तिमाही हिशेब’ आहे. गुरुवारी साडेचारलाही ‘तिमाही हिशेब’ आहे. दोन्ही नोंदींवर बोलावणाऱ्याचं नाव तेच आणि येणाऱ्यांची यादीही तीच. मोबाइलवर पाहावं तर तिथे फक्त गुरुवारची!

प्रसंग रचलेला आहे, पण त्यातला एकेक टप्पा रोज कुठल्या ना कुठल्या कार्यालयात घडतो. याची दुसरी बाजूही तितकीच सर्रास दिसते. आमंत्रणाचा मेल आलेला असतो, तो वाचलेलाही असतो, पण कॅलेंडरात त्या दिवशीचा रकाना कोरा असतो. एकदा जास्तीची नोंद आणि एकदा नोंदच नाही, म्हणजे वरवर पाहता ही दोन उलट दुखणी. मुळाशी गेलं की कारण एकच निघतं. मेल एका वाटेने येतो आणि कॅलेंडर दुसऱ्या वाटेने भरतं. या दोन वाटा नेमक्या वेळी एकमेकींना भेटल्या नाहीत की घोळ होतो.

हा घोळ नीट पाहायचा तर एक विशिष्ट जोडी घेतलेली बरी. कंपनीचा मेल आणि कॅलेंडर गूगलकडे आहे आणि बाई ते दोन्ही संगणकावर थंडरबर्ड या मोफत प्रोग्रॅममध्ये पाहतात. थंडरबर्डमध्ये पूर्वी कॅलेंडर नव्हतं. ‘लाइटनिंग’ नावाचा जोड वेगळा बसवावा लागे. 2020 मध्ये आलेल्या 78व्या आवृत्तीपासून कॅलेंडर त्याचा कायमचा भाग झालं. पण घर एक झालं तरी आत मेलचा आणि कॅलेंडरचा संसार बराचसा वेगळाच राहिला.

आता आमंत्रण म्हणजे काय ते पाहू. आपल्याला दिसतो तो सजवलेला मेल. त्यात वेळ, ठिकाण आणि व्हिडिओ मीटिंगची लिंक असते. त्याच मेलच्या पोटात एक साधी मजकुराची चिठ्ठी असते, बहुधा `invite.ics` नावाची. कॅलेंडर वाचतं ते या चिठ्ठीला. तिची लिहिण्याची रीत ‘आयकॅलेंडर’ या प्रमाणाने ठरवून दिली आहे. हे प्रमाण पहिल्यांदा 1998 मध्ये प्रसिद्ध झालं आणि 2009 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. गूगल, मायक्रोसॉफ्ट, अॅपल आणि थंडरबर्ड हे सगळे ही रीत मानतात, म्हणून तर एका कंपनीचं आमंत्रण दुसऱ्या कंपनीच्या कॅलेंडरात जाऊन बसू शकतं. बाईंना आलेली चिठ्ठी, अनावश्यक ओळी काढून, साधारण अशी असेल:

```
METHOD:REQUEST
UID:7h2kq9timahi@example.com
SEQUENCE:0
DTSTART:20260310T093000Z
ORGANIZER:mailto:cfo@example.com
ATTENDEE:mailto:lekha@example.com
```

सरकारी कार्यालयात ज्याने आवक-जावक विभाग पाहिला आहे, त्याला ही चिठ्ठी ओळखीची वाटेल. `UID` हा जावक क्रमांक. बैठकीचं नाव बदलो, दिवस बदलो, जागा बदलो, हा क्रमांक बदलायचा नाही. `SEQUENCE` म्हणजे शुद्धिपत्रकाचा आकडा. मूळ पत्राला 0, पहिल्या दुरुस्तीला 1, पुढच्या दुरुस्तीला 2. `METHOD` सांगतं की हे पत्र कशाचं आहे. `REQUEST` असेल तर बोलावणं किंवा त्यातला बदल, `CANCEL` असेल तर रद्द. वेळेच्या शेवटी जो `Z` आहे तो जागतिक प्रमाणवेळ दाखवतो. साडेनऊमध्ये आपले साडेपाच तास मिळवले की दुपारचे तीन वाजतात.

नवं पत्र आलं की कॅलेंडरने काय करायचं हेही ठरलेलं आहे. आधी वहीत तोच जावक क्रमांक शोधायचा. सापडला आणि आलेल्या पत्राचा दुरुस्ती आकडा मोठा असला, तर जुनी नोंद बदलायची. सापडला नाही तर नवी नोंद करायची. नियम सरळ आहे. फक्त तो एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे वही ताजी आहे आणि शोधणारा योग्य वहीत शोधतो आहे.

इथेच लेखापाल बाईंचा घात झाला.

थंडरबर्डमध्ये मेल जवळजवळ त्याच क्षणी पोचतो, कारण मेलचा सर्व्हर नवं पत्र आल्याची वर्दी लगेच देतो. गूगलचं कॅलेंडर मात्र थंडरबर्ड ठरावीक वेळाने विचारून ताजं करतो. नेहमीच्या मांडणीत दर 30 मिनिटांनी. म्हणजे साहेबांनी सकाळी 11 वाजून 2 मिनिटांनी आमंत्रण पाठवलं, तर गूगलच्या सर्व्हरवर बाईंच्या कॅलेंडरात ती नोंद लगेच झाली आणि मेलही लगेच आला. पण बाईंच्या संगणकावरची कॅलेंडरची प्रत कदाचित साडेअकरापर्यंत जुनीच राहिली.

बाई तत्पर. त्यांनी 11 वाजून 5 मिनिटांनी मेल उघडला. वर पट्टी आली, `This message contains an invitation to an event.` शेजारी `Accept` चं बटण. थंडरबर्डने संगणकावरच्या वह्या चाळल्या, तो क्रमांक कुठेच नाही, म्हणून त्याच्या लेखी हे नवं पत्र. बाईंनी बटण दाबलं. मग एक खिडकी उघडली आणि तिने विचारलं की नोंद कुठल्या कॅलेंडरात करायची. यादीत दोन नावं होती, एक कंपनीचं आणि दुसरं `Home`. हे `Home` कॅलेंडर थंडरबर्ड पहिल्यांदा चालू होताना स्वतःच बनवतो. ते त्या एका संगणकापुरतं असतं. ते ना गूगलला माहीत, ना मोबाइलला. बाईंनी नाव नीट न वाचता ओके केलं आणि नोंद `Home` मध्ये गेली. अर्ध्या तासाने गूगलकडची प्रत खाली उतरली. आता एकाच जावक क्रमांकाची नोंद दोन वह्यांत झाली होती.

पहिल्या दिवशी हे फारसं खटकत नाही. एकाच वेळेच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी दिसतात, इतकंच. खरी अडचण दुरुस्तीच्या वेळी उभी राहते. साहेबांनी बैठक गुरुवारी 12 मार्चला साडेचारवर नेली. चिठ्ठीतला `SEQUENCE` 1 झाला. गूगलच्या सर्व्हरने आपली नोंद परस्पर हलवली. शुद्धिपत्रकाचा मेलही आला, पण गुरुवारची नवी वेळ कॅलेंडरात आधीच दिसत होती, म्हणून बाईंनी त्या मेलवरचं बटण दाबलंच नाही. `Home` मधल्या नोंदीची काळजी घ्यायला सर्व्हर येत नाही. ती बदलायची तर तो मेल उघडून बटण दाबणं हाच मार्ग होता. म्हणून ती मंगळवारीच राहिली आणि वेळेवर घंटीही वाजवत राहिली.

दोन पट्ट्या दिसल्या की पहिली तपासणी म्हणून नोंद उघडून ती कुठल्या कॅलेंडरात आहे ते नाव वाचावं. बहुतेकांचं निदान इथेच होतं. नावं वेगळी असतील तर मंगळवारच्या गोष्टीसारखंच काहीतरी घडलं आहे. आणखी एक खूण गूगलच्या वेबवरच्या पानावर दिसते. तिथे ज्या आमंत्रणाला अजून उत्तर दिलेलं नाही, त्याची पट्टी भरीव रंगाची नसते, नुसती कडा दिसते. बाईंनी होकार `Home` मधून मेलने पाठवला, त्यामुळे गूगलकडची नोंद उत्तराविना राहिलेली असू शकते. साहेबांना होकार पोचला आहे, पण आपलंच कॅलेंडर म्हणतं की उत्तर द्यायचं राहिलं आहे, असा चमत्कारिक प्रकार त्यातून दिसतो.

दोन्ही नोंदी एकाच कॅलेंडरात असतील तर मात्र प्रकरण वेगळं. तेव्हा जावक क्रमांक पाहावा लागतो. दोन्ही मेलांतली `invite.ics` जतन करून नोटपॅडमध्ये उघडली की `UID` ची ओळ सापडते. मेलचा मूळ मजकूर `Ctrl+U` ने पाहता येतो, पण चिठ्ठी तिथे पुष्कळदा सांकेतिक अक्षरांत गुंडाळलेली असते, म्हणून ती जतन करणंच सोपं. क्रमांक वेगळे निघाले तर त्या खरोखरच दोन बैठका आहेत, निदान संगणकाच्या दृष्टीने. बोलावणाऱ्याने जुनी नोंद हलवण्याऐवजी नवी केली असेल, किंवा एका कॅलेंडरातून दुसऱ्यात नक्कल करणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने स्वतःचा क्रमांक टाकला असेल. अशा वेळी आपल्याकडे कितीही खाडाखोड केली तरी उपयोग नाही. बोलावणाऱ्याला जुनी बैठक रद्द करायला सांगणं हाच उपाय.

एका अपवादाचा उल्लेख इथे करायला हवा, कारण जाणती माणसंही तिथे फसतात. दर सोमवारच्या बैठकीतला एकच सोमवार मंगळवारवर नेला, तर त्या दुरुस्तीची चिठ्ठी मूळ मालिकेचाच `UID` घेऊन येते. सोबत `RECURRENCE-ID` नावाची ओळ असते आणि ती सांगते की हा बदल अमुक तारखेपुरताच आहे. क्रमांक तोच आहे म्हणून ही दुबार नोंद समजून पुसली, तर त्या आठवड्याची बैठकच गेली म्हणून समजा.

पुसण्याबद्दल बोलतोच आहोत तर बाईंच्या दुसऱ्या संभाव्य फजितीबद्दलही सांगायला हवं. मंगळवारची शिळी पट्टी दिसली की हात आपोआप `Delete` कडे जातो. पण कॅलेंडरच्या जगात आमंत्रित माणसाने नोंद पुसणं म्हणजे बैठकीला न येणं, असा अर्थ घेतला जातो. `Home` मधली नोंद पुसताच थंडरबर्ड साहेबांना नकाराचा मेल पाठवू शकतो. ‘पाठवू का?’ असं विचारणारी खिडकी आली तरी घाईत तीही ओके केली जाते. मग साहेबांच्या यादीत बाईंच्या नावापुढे फुली, आणि बाई म्हणणार, मी तर फक्त जास्तीची नोंद काढली.

त्यावरचा उतारा थंडरबर्डमध्येच आहे आणि तो एका जागी दोन कामं करतो. डाव्या यादीत `Home` वर उजवी क्लिक करून `Properties` उघडायचं. तिथे `Email` असा रकाना असतो. या कॅलेंडरातून आमंत्रणांना उत्तर कुठल्या पत्त्यावरून द्यायचं, ते त्यात ठरतं. तो `None` करून ठेवायचा. आता `Home` ला स्वतःचा पत्ता उरला नाही, म्हणून ते कोणाला नकारही कळवू शकत नाही. जुनी पट्टी निर्धास्त पुसता येते. शिवाय पत्ता नसलेलं कॅलेंडर आमंत्रणांसाठी पात्रच धरलं जात नाही, त्यामुळे पुढच्या वेळी ‘कुठे नोंदवू?’ या यादीत `Home` येणारच नाही. एक रकाना बदलायचा, इतकंच काम. हा रकाना बाईंना कोणी आधी दाखवला असता तर मंगळवारची फेरी वाचली असती.

कंपनीच्या गूगल कॅलेंडराच्या `Properties` मध्ये मात्र हाच रकाना कंपनीच्या पत्त्यावरच असायला हवा. दोन्ही कॅलेंडरांत `None` झालं तर मेलच्या वर वेगळीच पट्टी येते: `No writable calendars are configured for invitations, please check the calendar properties.` नोंद न होण्याचं हे एक अगदी नेमकं कारण, आणि प्रोग्रॅमने ते स्वच्छ सांगितलेलंही असतं. पण इंग्रजी पट्ट्या वाचायच्या नसतात असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे.

आता कोऱ्या रकान्याकडे वळू. आमंत्रण मेलमध्ये आहे, कॅलेंडरात नाही. इथे पहिली शंका गूगलच्याच एका सेटिंगची घ्यावी. 2019च्या सुमारास भामट्यांनी एक युक्ती काढली. कोणालाही आमंत्रण पाठवलं की ते त्याच्या कॅलेंडरात आपोआप उमटतं, मग जाहिरात आणि फसवणुकीच्या लिंका तिथूनच का पाठवू नयेत? मेलच्या चाळणीतून सुटलेला कचरा थेट लोकांच्या दिनदर्शिकेत येऊ लागला. गूगलने पुढे 2022 मध्ये `Only if the sender is known` असा पर्याय दिला. गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये `Add invitations to my calendar` या नावाखाली तो सापडतो. तो निवडलेला असेल तर अनोळखी पत्त्यावरून आलेलं आमंत्रण आपोआप नोंदलं जात नाही. तुम्ही मेलमधून उत्तर द्याल तेव्हाच ते नोंदलं जातं. ओळखीचा म्हणजे तुमच्या कंपनीतला, तुमच्या संपर्कयादीतला किंवा ज्याच्याशी पूर्वी पत्रव्यवहार झाला आहे असा. त्यामुळे बँकेच्या नव्या अधिकाऱ्याने पहिल्यांदाच पाठवलेलं बोलावणं दिसत नाही आणि रोजच्या सहकाऱ्यांची सगळी दिसतात. काही दिसतात, काही नाहीत, म्हणून लोक प्रोग्रॅम बिघडला असं समजतात. बिघाड काहीच नसतो.

थंडरबर्डमध्ये अशा आमंत्रणावर `Accept` दाबताना कंपनीचं कॅलेंडर निवडायचं, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. आणि रोजच्या सहकाऱ्यांच्या आमंत्रणाला उत्तर देण्याआधी कॅलेंडरमधलं `Synchronize` एकदा दाबावं. सर्व्हरवरची नोंद खाली आली की मेलवरच्या पट्टीचा मजकूरही बदलतो. मग थंडरबर्डला तो क्रमांक वहीत सापडतो आणि तो दुसरी नोंद न करता तिथल्याच नोंदीवर उत्तर लिहितो.

दुसरं कारण पत्त्याचं. चिठ्ठीत `ATTENDEE` च्या ओळीत ज्याचा पत्ता, तोच निमंत्रित. बैठक एखाद्या सामायिक पत्त्यावर बोलावली, किंवा बाईंच्या जुन्या पत्त्यावरून मेल नव्या पत्त्यावर वळवला जात असेल, तर मेल पोचतो पण यादीत हा पत्ता नसतो. मग उत्तर कोणाच्या नावाने द्यायचं ते प्रोग्रॅमला कळत नाही. तो जुना पत्ता खरोखर आपलाच असेल, तर थंडरबर्डच्या खात्याच्या सेटिंगमध्ये `Manage Identities` खाली तो जोडावा. सहकाऱ्याने स्वतःचं आमंत्रण पुढे ढकललं असेल तर हा इलाज चालत नाही. तिथे यादीत सहकाऱ्याचाच पत्ता असतो, आणि साध्या पद्धतीने पुढे पाठवताना पोटातली चिठ्ठी गळूनही पडते. हाती उरतो तो नुसता सजवलेला मजकूर. अशा वेळी बोलावणाऱ्याला सांगून यादीत नाव घालून घ्यावं.

तिसरं कारण आऊटलुकवाल्यांशी व्यवहार करणाऱ्यांना ठाऊक असेल. कधी कधी आमंत्रणाऐवजी `winmail.dat` नावाचं एक गाठोडं येतं. आऊटलुकने मेल आपल्या खास पद्धतीने बांधला की असं होतं, आणि दुसऱ्या प्रोग्रॅमांना ती गाठ बहुधा सुटत नाही. चिठ्ठी आतच राहते, वर ना पट्टी ना बटण. याचा इलाज पाठवणाऱ्याच्या बाजूला असतो. त्याने किंवा त्याच्या संगणक विभागाने बाहेरच्या पत्त्यांसाठी ‘रिच टेक्स्ट’ ही पद्धत बंद करायची.

आणि या सगळ्यांच्या आधी, थोडं शरमत का होईना, पाहायचं ते म्हणजे डाव्या यादीत कॅलेंडरच्या नावाशेजारची खूण. थंडरबर्डच्या आवृत्तीप्रमाणे ती टिचकीची चौकट असेल किंवा डोळ्याचं चिन्ह. ती बंद असेल तर आख्खं कॅलेंडर लपलेलं असतं. नोंदी सगळ्या जागेवर, नजरेला एकही नाही. तासभर सेटिंगं उपसल्यावर शेवटी हा डोळा मिटलेला सापडला, असं सांगणारे कार्यालयोकार्यालयी भेटतात.

लेखापाल बाईंची बाजू अशी आवरता येते, पण यातल्या काही घोळांची किल्ली बोलावणाऱ्याच्या हातात असते. साहेबांनी बैठक हलवताना जुनीच नोंद उघडून तिची वेळ बदलावी. नवी नोंद करून ‘आधीचं दुर्लक्षित करा’ असा मेल पाठवू नये. माणसं तो मेल वाचतील. कॅलेंडर तो वाचत नाही, ते जुन्या क्रमांकाची नोंद मंगळवारी दुपारी तीनला तशीच ठेवतं.